बाबांचं व्हेंटिलेटर, आत्याचे ‘भोग’ आणि भावाचा ‘खून’

प्रश्न: “वडील ७९ वर्षांचे, १२ दिवसांपूर्वी ब्रेन हॅमरेज झालं, तेव्हापासून व्हेंटिलेटरवर आहेत, शुद्ध नाही. डॉक्टर म्हणतात आता गळ्याला छिद्र पाडून ट्रॅकिओस्टॉमी करायची का ते सांगा, नाहीतर पुढचा विचार करा. भाऊ म्हणतो मशीन काढणं म्हणजे बाबांचा खून. आत्या म्हणते भोग भोगूनच संपवावे लागतात, मधेच तोडले तर पुढच्या जन्मी उरलेले भोगायला यावं लागतं. मला त्यांचे हाल बघवत नाहीत. धर्मात खरंच काय सांगितलंय? दुसऱ्या धर्मांत चालतं का हे?”

मी डॉक्टर आहे, गेली अठरा वर्षं पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे ज्यांचा आजार बरा होणार नाही अशा पेशंटच्या वेदना आणि त्यांची माणसं सांभाळण्याचं काम करते. धर्माची पंडित नाही, पण या प्रश्नावर गुरुजी, फादर, मौलाना, जैन महाराजसाहेब सगळ्यांशी आयसीयूच्या बाहेरच्या बाकड्यावर बसून बोललेय, त्यामुळे जे सांगते ते तिथलं आहे.

धर्माकडे वळायच्या आधी एक गोष्ट तुमच्या डॉक्टरांना विचारा, कारण तिच्या उत्तराशिवाय कुठलाच धर्म तुम्हाला उत्तर देऊ शकणार नाही. बाबांचं झोपेचं औषध, म्हणजे सिडेशन, बंद करून किती तास झालेत आणि ते बंद असताना त्यांना तपासलं तेव्हा काय दिसलं? दुखेल असं चिमटल्यावर हात हलतो का, बाहुल्या टॉर्चच्या उजेडाला आकसतात का, सक्शनची नळी आत घातल्यावर खोकला येतो का, मशीनच्या पलीकडे स्वतःचा एखादा श्वास घेतात का. मेंदूतल्या रक्तस्रावात पहिल्या काही दिवसांत केलेले निराशेचे अंदाज कधीकधी चुकतात, आणि त्या अंदाजावर उपचार थांबवले की अंदाज आपोआपच खरा ठरतो, म्हणून मी घाईच्या विरोधात आहे. पण १२ दिवस, वय ७९, सिडेशन नाही आणि तरीही यातलं फारसं काही नाही, असं असेल तर चित्र बरंच स्पष्ट झालेलं असतं. एका बाहेरच्या न्यूरोलॉजिस्टचं मत जरूर घ्या. आणि ‘ब्रेन डेड’ हा शब्द कोणी सहज वापरला असेल तर त्याची रीतसर टेस्ट झालीय का तेही विचारा, कारण ती वेगळीच गोष्ट आहे आणि धर्माची उत्तरंही तिथे बदलतात.

आता तुमच्या घरातलं भांडण. मला वाटतं तुमचा भाऊ, आत्या आणि तुम्ही तिघं तीन वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलताय आणि तिन्हीला नाव एकच दिलंय. विषाचं इंजेक्शन देऊन माणसाला मारणं ही एक गोष्ट. जो उपचार आता माणसाला बरं करत नाहीये, फक्त मरण लांबवतोय, तो थांबवणं ही दुसरी. आणि वेदना, धाप कमी करायला मॉर्फिनसारखं औषध देणं, मग त्याने आयुष्य थोडं कमी होईल की काय अशी शंका असली तरी, ही तिसरी. पहिल्या गोष्टीला आपल्याकडचे जवळपास सगळे मोठे धर्म नाही म्हणतात, आणि आपल्या कायद्यातही तो गुन्हाच आहे. तिसऱ्या गोष्टीला जवळपास सगळे हो म्हणतात. खरी चर्चा दुसरीवर आहे, आणि तिच्यातही व्हेंटिलेटरपेक्षा जास्त घोळ अन्नपाण्याच्या नळीवर होतो, त्यावर येतेच.

भावापासून सुरू करते. “मशीन काढणं म्हणजे खून” हे वाटणं अगदी स्वाभाविक आहे, कारण बटण आपल्या सहीने बंद होतं आणि त्यानंतर माणूस जातो. या गुंत्याचं मला सापडलेलं सगळ्यात स्वच्छ उत्तर ज्यू धर्मात आहे. सोळाव्या शतकात पोलंडमधल्या क्राकोवला मोशे इस्सर्लिस नावाचे मोठे रब्बी होते. ज्यू कायद्यात अखेरच्या घटका मोजणाऱ्या माणसाला ‘गोसेस’ म्हणतात आणि त्याचं मरण लवकर आणणारी कुठलीही गोष्ट करायला सक्त मनाई आहे, अगदी त्याच्या डोक्याखालची उशी ओढून काढायलासुद्धा. पण त्याच ठिकाणी इस्सर्लिस सांगतात की घराबाहेर कोणी लाकडं फोडत असेल आणि त्या ठकठकीमुळे जीव जात नसेल, किंवा जिभेवर मीठ ठेवल्यामुळे अडकला असेल, तर तो आवाज थांबवायला, ते मीठ काढायला हरकत नाही, कारण त्यात मारणं नाही, नुसता अडथळा दूर करणं आहे. म्हणजे चारशेहून जास्त वर्षांपूर्वी, व्हेंटिलेटरची कल्पनाही नसताना, त्यांनी हा प्रश्न पकडला होता की ही वस्तू माणसाला जगवतेय की फक्त जायचं अडवतेय?

मजा म्हणजे त्याच परंपरेतले कडक लोक चालू मशीन बंद करायला आजही तयार नसतात, ते हाताने केलेलं कृत्य मानतात. म्हणून इस्राएलच्या २००५ च्या कायद्यात एक वाट काढलीय, व्हेंटिलेटरला टायमर. मशीन ठरावीक मुदतीसाठी चालतं, मुदत संपताना पुन्हा विचार होतो आणि पुढे चालू ठेवायचं नाही असं ठरलं तर ते नव्याने सुरू करत नाहीत. ‘बंद करणं’ आणि ‘पुन्हा सुरू न करणं’ यातला फरक तो कायदा खरोखर मानतो. आपल्या कायद्यात आणि डॉक्टरी नीतिशास्त्रात या दोन्हीत फरक मानत नाहीत, पण घरच्यांच्या मनात तो असतो हे मी रोज बघते, आणि म्हणून तुम्हाला ट्रॅकिओस्टॉमीबद्दल एक व्यवहाराची गोष्ट सुचवते. “करायची की नाही” असा एकच प्रश्न न ठेवता डॉक्टरांशी मुदत ठरवा: अजून सात दिवस सगळं करू, रोज कोणत्या दोन-तीन खुणा बघायच्या ते आजच लिहून ठेवू, सातव्या दिवशी त्यातलं काही सुधारलं नसेल तर ट्रॅकिओस्टॉमी करायची नाही आणि उपचारांत पुढची वाढही नाही. आम्ही हे नेहमी करतो. भावाला यात “मी मारलं” असं वाटत नाही, कारण तो आजाराला संधी देऊन त्याचं उत्तर ऐकतोय.

कॅथलिक चर्चमध्ये तर तुमच्यासारखाच प्रश्न जसाच्या तसा विचारला गेला होता. २४ नोव्हेंबर १९५७ ला पोप पायस बारावे यांच्यापुढे भूलतज्ज्ञांनी ठेवला, की मेंदूला जबर इजा झालेला बेशुद्ध पेशंट श्वासाच्या यंत्रावर आहे आणि सुधारणेची आशा नाही, यंत्र काढलं तर चालेल का. उत्तर असं की माणसाने जगण्यासाठी साधे, नेहमीचे उपाय करायलाच हवेत, पण असाधारण आणि फार जड होणारे उपाय बंधनकारक नाहीत, आणि अशा वेळी यंत्र काढणं म्हणजे जीव घेणं नव्हे. वसईच्या एका कुटुंबासाठी आलेल्या फादरांनी हे मला साध्या भाषेत सांगितलं होतं, “डॉक्टर, देवाने दिलेलं आयुष्य सांभाळायचंय, पण मरणाशी कुस्ती खेळायची आज्ञा आम्हाला नाही.” ते वाक्य मी नंतर बऱ्याच हिंदू घरांतही वापरलंय.

आता आत्या. आत्यांचं म्हणणं उडवून लावू नका, ही कळकळीची विनंती आहे. “बाबांनी त्रास भोगावा” असं त्या म्हणत नाहीयेत, त्यांना भीती आहे की उरलेल्या भोगासाठी त्यांच्या भावाला, म्हणजे तुमच्या बाबांना, परत यावं लागेल, आणि हे त्या प्रेमापोटीच बोलताहेत. मी अशा आत्या-मावश्यांना कधी “हे सगळं जुनं झालं” असं सांगत नाही. मी विचारते, की प्रारब्धाने आलेला आजार भोगायचा असेल तर व्हेंटिलेटर हा त्या भोगाचा भाग की त्यात आपण घातलेला हात? तुमच्या आजोबांच्या पिढीत हेच हॅमरेज झालं असतं तर माणूस घरीच दोन दिवसांत गेला असता आणि कोणी म्हटलं नसतं की भोग अर्धे राहिले. आपण मशीन लावून तो प्रवाह थांबवला, चांगल्या हेतूने थांबवला, बरं होतील म्हणून. आता ते होत नसेल तर आपला हात काढून घेणं म्हणजे भोग तोडणं नाही, तो जसा होता तसा त्याच्या वाटेने जाऊ देणं आहे. बहुतेक वेळा हे ऐकल्यावर आत्या गप्प होतात, आणि थोड्या वेळाने विचारतात की मग गंगाजल कधी घालायचं.

तरी एक गोष्ट कबूल करते. हिंदू धर्मात कुठलं एक पीठ नाही की ज्याचा निर्णय सगळ्यांना लागू होईल. गांधीजींनी १९२८ मध्ये साबरमती आश्रमातल्या असह्य वेदनेत असलेल्या वासराला इंजेक्शन देऊन मरण दिलं आणि हीच अहिंसा असं म्हटलं, त्यावर त्यांना प्रचंड विरोध झाला, विरोध करणारेही अहिंसेचाच दाखला देत होते. तेव्हा कोणी “शास्त्रात असंच आहे” असं छातीठोक सांगितलं तर ते त्याच्या परंपरेचं मत समजा. आणि वासराला दिलेलं इंजेक्शन हा तुमचा प्रश्नच नाही, तो पहिल्या प्रकारात जातो.

इथे आणखी एक गैरसमज येतो आणि तो मराठी घरांत फार येतो. “ज्ञानेश्वर माउलींनी समाधी घेतली, सावरकरांनी १९६६ मध्ये अन्नपाणी आणि औषधं सोडून आत्मार्पण केलं, विनोबांनी १९८२ च्या दिवाळीत पवनारला हार्ट अटॅकनंतर अन्न, पाणी, औषध नाकारलं आणि १५ नोव्हेंबरला गेले, मग आपल्या बाबांचं का नाही?” हे म्हणणाऱ्यांना मी थांबवते. या तिन्हींत निर्णय त्या माणसाचा स्वतःचा, शुद्धीत, आधी बोलून दाखवलेला होता. प्रायोपवेशन, म्हणजे अन्नपाणी सोडून मरण स्वीकारणं, हेही तसंच आहे, ते मुलाने बापाच्या वतीने करता येत नाही.

जैन धर्मात तर हे फार बारकाईने मांडलंय. सांगली-कोल्हापूर भागात काम करताना मी सल्लेखना, म्हणजे ज्याला बरेच जण संथारा म्हणतात, ती जवळून पाहिलीय. म्हातारपण, असाध्य आजार, दुष्काळासारखं संकट, जिथे आता व्रतं पाळणंच शक्य नाही, अशाच वेळी ती घेतात. गुरूंची परवानगी लागते, घरच्यांना सांगितलेलं असतं, आणि अन्न टप्प्याटप्प्याने कमी करतात. २०१५ च्या ऑगस्टमध्ये राजस्थान हायकोर्टाने तिला आत्महत्या ठरवलं आणि त्याच महिन्याच्या शेवटी सुप्रीम कोर्टाने त्या निकालाला स्थगिती दिली, हे तुम्ही वाचलं असेल. पण मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते कोर्टाबाहेरचं आहे. सल्लेखनेच्या व्रतात जे दोष सांगितलेत त्यात ‘मरणाची इच्छा’ हा दोष आहे, आणि ‘जगण्याची इच्छा’ हाही दोष आहे. दुखतंय म्हणून लवकर मरू दे असं मनात आलं तरी व्रत मलिन होतं, आणि अजून थोडं जगू दे असं आलं तरी. एका ८४ वर्षांच्या आजींना मी विचारलं, दुखतंय का, औषध देऊ का, तर म्हणाल्या, “दुखतंय ग, पण त्याची वाट पण नाही बघायची आणि त्याला ढकलायचं पण नाही.” अशा माणसाला वेदनेचं औषध द्यायचं का हे मी त्या माणसावरच सोडते. पण हे सगळं शुद्धीतल्या माणसाचं आहे. बेशुद्ध माणसाला कोणी संथारा देऊ शकत नाही.

मग बेशुद्ध बाबांचं काय? त्यांची इच्छा शोधायची. एक केस सांगते, ओळख लागू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. ८१ वर्षांचे आजोबा, वारकरी, आयुष्यभर आळंदी-पंढरपूर. मोठं हॅमरेज, व्हेंटिलेटर, अकरावा दिवस, सिडेशन चार दिवस बंद आणि तरी काही हालचाल नाही. तीन मुलगे, एक मुलगी. थोरला म्हणत होता माउलींसारखं जाऊ द्या, मधला म्हणत होता खून होईल, धाकटा रडत होता. मी त्यांना “तुम्हाला काय वाटतं” हे विचारलंच नाही. विचारलं, “बाबा आत्ता पाच मिनिटं शुद्धीत येऊन हे सगळं बघून गेले तर काय म्हणतील?” तेव्हा आतापर्यंत एकही शब्द न बोललेली मुलगी म्हणाली, की दोन वर्षांपूर्वी शेजारचे काका असेच महिनाभर नळ्यांत पडलेले बघून आल्यावर बाबा म्हणाले होते, “माझं असं काही झालं तर मला पांडुरंगाच्या हवाली करा, नळ्यांच्या नको.” मधल्याने ते ऐकलं, दोन मिनिटं भिंतीकडे बघत राहिला आणि म्हणाला, “हे मला कोणी आधी सांगितलं का नाही?” त्यानंतर भांडण झालं नाही.

दुसऱ्या दिवशी नवीन अडचण, पंचक लागलं होतं. पंचकात गेलं तर घरातली अजून पाच माणसं जातात ही भीती, आणि ते संपायला तीन दिवस. तरुण रेसिडेंट डॉक्टर वैतागला, मी त्याला बाहेर घेऊन गेले. तीन दिवस थांबणं शक्य होतं, पण सक्शन, सुया, पाठीवर व्रण पडायला लागलेले, हे सगळं त्या तीन दिवसांत आजोबांनाच सोसायचं होतं. मी त्यांच्या गुरुजींना फोन लावायला सांगितला. गुरुजी म्हणाले पंचकात गेलं तर दर्भाचे पुतळे करून पंचकशांती करतात, त्यासाठी कोणाला अडवून ठेवायची गरज नाही. धर्माच्या अडचणीला धर्मातच उत्तर होतं, ते विचारायला एक फोन लागला.

मग आम्ही काय केलं ते सांगते, कारण “मशीन काढणं” म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर प्लग उपटणं येतं. आधी मॉनिटरचे अलार्म बंद केले. घरच्यांना आत घेतलं, सहा जण एकावेळी, आयसीयूचा नियम बाजूला ठेवून. श्वास लागू नये म्हणून मॉर्फिन आणि मिडाझोलॅम आधी दिलं, घशातला घरघराट कमी करायला ग्लायकोपायरोलेट. मग व्हेंटिलेटरचा आधार हळूहळू कमी करत गेलो, प्रत्येक पायरीला चेहऱ्यावर आठी, नाकपुड्या फुगणं, छातीची ओढाताण दिसते का बघत, दिसली तर औषधाचा अजून एक छोटा डोस. मग तोंडातली नळी काढली. मुलीने तुळशीचं पान गंगाजलात भिजवून ओठांवर लावलं, तोंडात ओतलं नाही, कारण बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतलं तर ते फुप्फुसात जाऊन तो गुदमरतो, हे मी आधीच समजावलं होतं. धाकट्याने हरिपाठ लावला. आजोबा त्यानंतर साडेसहा तास होते. हे पण लक्षात ठेवा, मशीन काढल्यावर माणूस लगेच जातो असं नाही, काही मिनिटांत जाऊ शकतो, काही दिवस राहू शकतो, आणि भावाला हे आधी सांगा. त्या साडेसहा तासांत मधला मुलगा मला म्हणाला, “मशीन काढून आपण मारलं असतं तर आत्ता श्वास चालला नसता ना.” त्याच्या मनातला खून तिथे संपला.

याच्या उलट जे होतं ते पण बघितलंय. एका हॉस्पिटलमध्ये घरच्यांनी थांबायचं ठरवल्यावर त्यांना सांगितलं गेलं की इथे काढता येणार नाही, सही करून घरी घेऊन जा. घरच्यांनाही भुईवर घेऊन, आपल्या दारात जीव जावा असं वाटत होतं. ॲम्ब्युलन्समध्ये अँब्यू बॅगवर, म्हणजे हाताने दाबून श्वास देणाऱ्या फुग्यावर, नेलं, दारात ती काढली, मॉर्फिनचा एक थेंब बरोबर दिला नव्हता. त्या बाई चाळीस मिनिटं धापा टाकत गेल्या आणि अख्खं घर बघत होतं. घरी जावं ही इच्छा अगदी योग्य आहे, मी ती पुरी करायला खूप खटपट करते, पण औषधं, नर्स आणि फोनवर डॉक्टर यांची सोय झाल्याशिवाय सही करू नका.

आता नळी, म्हणजे राईल्स ट्यूब. इथे धर्मांचे सूर खरंच वेगळे लागतात. पोप जॉन पॉल दुसरे २००४ मध्ये म्हणाले की नळीने दिलेलं अन्नपाणी हा उपचार नाही, ती मुळात साधी काळजी आहे आणि तत्त्वतः द्यायलाच हवी. ते बोलत होते ते वर्षानुवर्षं बेशुद्ध असलेल्या, पण मरणाच्या दारात नसलेल्या माणसांबद्दल. शरीर अन्न घेतच नसेल, उलट त्याने त्रास वाढत असेल, तर चर्चही ते बंधनकारक मानत नाही. म्हणून कॅथलिक घरात मला व्हेंटिलेटरपेक्षा नळीबद्दल जास्त वेळ बोलावं लागतं. मुंबईच्या केईएममधल्या अरुणा शानबाग आठवतात ना, १९७३ पासून बेशुद्धावस्थेत, तिथल्या नर्सेसनी २०१५ पर्यंत त्यांना भरवलं, आणि २०११ मध्ये सुप्रीम कोर्टात त्यांचं अन्न थांबवायची मागणी आली तेव्हा त्याच नर्सेस त्याविरुद्ध उभ्या राहिल्या, कोर्टानेही ती मागणी मान्य केली नाही. मला त्या नर्सेसचं म्हणणं कळतं, भरवणं हे आपल्याकडे नातं आहे.

पण बाबा जर अखेरच्या दिवसांत असतील तर वेगळं घडतं. शरीर बंद व्हायला लागलं की भूक जाते. आपण नळीतून दूध-पेज घालत राहिलो तर ती पोटात साठते, वर येते, फुप्फुसात जाते. सलाईन जास्त गेलं तर हातपाय सुजतात आणि घशातला घरघराट वाढतो. माणूस जेवत नाही म्हणून मरत नाहीये, मरतोय म्हणून जेवत नाहीये. तहान मात्र खरी असते, पण ती कोरड्या तोंडाची असते आणि सलाईनने जात नाही. ओल्या कापसाने दर तासाला ओठ-जीभ पुसा, ओठांना तूप किंवा व्हॅसलीन लावा. आई-आत्या यांना हे काम द्या. “आम्ही उपाशी मारलं” ही टोचणी ज्या घरात राहिली तिथे बहुतेक वेळा त्यांच्या हातात असं काही दिलेलं नव्हतं.

मॉर्फिनबद्दल थोडक्यात. एका मुस्लिम चाचांचा फुप्फुसाचा कॅन्सर, प्रचंड धाप. मुलगा म्हणाला नशा हराम आहे, आणि अब्बांना शेवटी कलमा म्हणता यायला हवा, गुंगीत गेले तर? मौलानांनी पहिल्या भागाचं उत्तर एका शब्दात दिलं, जरूरत, म्हणजे गरजेपोटी औषध म्हणून चालतं. दुसऱ्या भागाचं उत्तर माझ्याकडे होतं. तोंडाने अडीच मिलिग्रॅमने सुरू केलं, दर चार तासांनी, आणि मगरिबच्या आधीचा डोस थोडा पुढे ढकलला, की संध्याकाळी ते जागे राहतील. धाप कमी झाल्यावर चाचा आधीपेक्षा जास्त बोलायला लागले. नीट दिलेल्या मॉर्फिनने माणूस लवकर मरत नाही. इस्लाममध्ये त्रासाला कंटाळून मरण मागायलाही मनाई आहे, पण प्रत्येक उपचार घेतलाच पाहिजे असंही नाही. फेफरं येणाऱ्या बाईला पैगंबरांनी सबर किंवा बरं होण्याची दुआ यातलं निवडायला सांगितलं आणि तिने सबर निवडला, ती हदीस मौलाना इथे सांगतात. १९८६ ला अम्मानमध्ये इस्लामी फिकह अकादमीने, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या जाणकारांच्या संस्थेने, ब्रेन डेथ ठरल्यावर मशीन काढायला मान्यता दिलीय, पण तुमच्या बाबांसारख्या अवस्थेवर उलेमांची मतं एकसारखी नाहीत, त्यामुळे मुस्लिम कुटुंब असेल तर मी त्यांच्याच मौलानांना बोलावून डॉक्टरांसमोर बसवते.

कायद्याचं एवढंच, की सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये असे उपचार थांबवणं मान्य केलं आणि जानेवारी २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली. बाबांनी लिव्हिंग विल, म्हणजे शेवटच्या उपचारांबद्दलची इच्छा आधीच लिहून ठेवलेली नसली तरी चालतं. तुमचे डॉक्टर आणि दोन अनुभवी तज्ज्ञ असं हॉस्पिटलचं एक बोर्ड बघतं, मग दुसरं बोर्ड, ज्यात जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असतो, दोन्ही बोर्डांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं, घरच्यांची लेखी संमती, आणि अंमल करायच्या आधी हॉस्पिटलने मॅजिस्ट्रेटला कळवायचं. हॉस्पिटल “असं काही नसतं” म्हणालं तर मेडिकल सुपरिटेंडेंटना लेखी अर्ज द्या.

आज रात्री एवढं करा. भाऊ, आत्या आणि तुम्ही एकत्र बसा, मोबाईल बाजूला, आणि “काय करायचं” हे बोलूच नका. बाबा कोणाच्या आजारपणाबद्दल, कोणाच्या मरणाबद्दल कधी काय बोलले होते ते प्रत्येकाने आठवून सांगायचं. आत्यांना आधी बोलू द्या, लहानपणापासून त्यांनी बाबांना पाहिलंय. जे आठवेल ते कागदावर लिहा आणि उद्या राऊंडला तो कागद घेऊन जा. सिडेशनबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते इथे लिहा, मी बघते.